दुसऱ्याचं नाव-पत्ता-नंबर तुमच्या फोनच्या ब्राउझरमध्ये साठलाय? तो पूर्ण कसा पुसायचा

फॉर्म भरताना नावाच्या रकान्यात एक अक्षर टाकलं की खाली अख्खं नाव येतं. त्यावर बोट ठेवलं की पत्ता, पिनकोड, मोबाईल नंबर सगळं आपोआप भरलं जातं. यालाच ऑटोफिल म्हणतात. फोन एकट्याचा असेल तर ही सोय छान आहे. पण एकाच फोनवरून सात-आठ जणांचे फॉर्म भरले जात असतील तर काय होतं, ते मी यंदा तोरणमाळला पाहिलं. या लेखात ते प्रकरण, त्यामागचं कारण आणि अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममधून ही माहिती खरोखर कशी काढायची, हे पाहूया.

तोरणमाळला काय झालं?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कॉलेजातला माझा एक मित्र तोरणमाळचा. शहाद्याहून घाट चढून वर गेलं की सातपुड्यातलं हे थंड हवेचं ठिकाण येतं. पर्यटक यशवंत तलाव आणि सीताखाई बघून परत जातात, पण आजूबाजूच्या पाड्यांवर राहणाऱ्यांसाठी इथला रोजचा प्रश्न असतो नेटवर्कचा. मित्राच्या धाकट्या भावाच्या घराच्या ओट्यावर नेट बऱ्यापैकी येतं, म्हणून प्रवेशाच्या दिवसांत पाड्यांवरची मुलं-मुली त्याच्याकडे येतात आणि त्याच्याच फोनवरून फॉर्म भरतात.

मी सुट्टीत गेलो तेव्हा तो जरा गप्पगप्प होता. विचारलं तर म्हणाला, "दादा, माझ्या फोनमुळे एका पोरीची सीट जाता जाता राहिली."

झालं असं होतं. एका मुलीने वसतिगृहाचा फॉर्म त्याच्या फोनवरून भरला. यादीत नाव लागल्याचा मेसेज येणार होता, तो आलाच नाही. तो गेला दुसऱ्या पाड्यावरच्या एका मुलीच्या घरच्या नंबरवर, कारण फॉर्ममध्ये तोच नंबर गेला होता. त्या घरच्यांनी आधी मेसेज चुकून आला असेल म्हणून सोडून दिला. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाने तो वाचला, नाव ओळखलं आणि चालत येऊन सांगितलं. कागदपत्रं जमा करायचा तो शेवटचा दिवस होता. जीपने धडगाव गाठलं, नंबर दुरुस्त करून घेतला, काम झालं. पण निरोप आणखी एक दिवस उशिरा आला असता तर जागा गेली होती.

"तिने नंबर चुकीचा टाकलाच कसा?" मी विचारलं.

"टाकलाच नाही दादा. तो आधीच भरलेला होता."

एक बोट, पाच रकाने

आम्ही फोन घेऊन बसलो आणि क्रोममधली साठवलेल्या पत्त्यांची यादी उघडली. पाच नोंदी होत्या. त्यातली भावाची स्वतःची एकच. बाकी चार फॉर्म भरायला आलेल्या मुलांच्या. आणि त्यातल्या दोन नोंदींमध्ये नावं वेगळी, पण मोबाईल नंबर तोच.

मग सगळा उलगडा झाला. आधी पहिल्या मुलीने फॉर्म भरला होता. सबमिट केल्यावर क्रोमने खाली विचारलं, पत्ता सेव्ह करायचा का? फॉर्म पुढे जावा म्हणून भावाने `Save` दाबलं. त्या क्षणी तिचं नाव, पाडा, तालुका, पिनकोड आणि मोबाईल अशी एक पूर्ण नोंद फोनमध्ये तयार झाली. अशा नोंदीला ऑटोफिल प्रोफाइल म्हणतात.

काही दिवसांनी दुसरी मुलगी आली. तिचं आडनाव तेच, तालुका आणि पिनकोडही तेच. तिने नावाची सुरुवात टाइप केली, खाली सूचना आली आणि आडनाव टाइप करायचे कष्ट वाचतील म्हणून तिने ती दाबली. इथेच घोळ झाला. प्रोफाइलच्या सूचनेवर बोट ठेवलं की क्रोम फक्त तो एक रकाना भरत नाही, त्या व्यक्तीशी संबंधित जे जे रकाने त्याला फॉर्ममध्ये ओळखू येतात ते सगळे एकदम भरतो. तिने वरचं नाव खोडून स्वतःचं केलं, पाड्याचं नावही बदललं. मोबाईलचा रकाना स्क्रीनच्या खाली होता. स्क्रोल करून ती तिथे पोचली तेव्हा तिथे दहा आकडी नंबर दिसत होता, म्हणून तो आपणच भरला असं समजून ती पुढे गेली.

सबमिट झाल्यावर क्रोमने पुन्हा विचारलं, पुन्हा `Save` झालं. आता फोनमध्ये दुसऱ्या मुलीच्या नावाची नवी नोंद झाली आणि तिच्यात नंबर मात्र पहिलीचा. म्हणजे चूक एका फॉर्मपुरती न राहता साठवली गेली. पुढच्या फॉर्मलाही तोच चुकीचा नंबर गेला असता.

तुमच्या फोनवर असं झालंय का ते ओळखायची खूण सोपी आहे. यादीतल्या नोंदी एकेक उघडा आणि नाव-नंबर यांची जोडी बरोबर आहे का ते बघा. एकच नंबर दोन नावांना दिसला की समजा, कुठेतरी एक फॉर्म चुकीचा गेलाय. नोंद पुसायच्या आधी त्या व्यक्तीला तेवढं नक्की कळवा.

पायरी 1 : प्रोफाइल पुसणे

क्रोम उघडा. उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जा आणि `Settings` दाबा. तिथे `Addresses and more` असा पर्याय दिसेल. तुमच्या आवृत्तीनुसार किंवा फोनच्या भाषेनुसार हे नाव थोडं वेगळं असू शकतं, पण पासवर्ड आणि पेमेंटच्या पर्यायांजवळच पत्त्यांचा हा पर्याय असतो.

आत गेल्यावर नोंदींची यादी दिसेल. जी काढायची ती उघडा आणि डिलीटची खूण दाबा. एक चौकट येईल. ती न वाचता पुढे जाऊ नका, कारण नोंद नक्की कुठे साठली आहे ते तिथे कळतं. काही नोंदी फक्त त्या फोनमध्ये असतात. काही मात्र फोनवर जे गूगल खातं चालू आहे, त्या खात्यात साठतात. खात्यातली नोंद असेल तर चौकटीत तसं लिहिलेलं असतं.

हा फरक तोरणमाळसारख्या ठिकाणी फार महत्त्वाचा आहे. भावाचं तेच गूगल खातं शहाद्याला मोठ्या भावाच्या लॅपटॉपवरही चालू होतं. त्यामुळे पाड्यावरच्या मुलींचे पत्ते तिथेही दिसत होते, ज्यांनी तो लॅपटॉप कधी पाहिलाही नाही! आम्ही फोनवर चारही नोंदी पुसल्या तेव्हा नेट गेलेलं होतं. फोनच्या यादीतून त्या लगेच गेल्या, पण लॅपटॉपवर तशाच राहिल्या. फोन नेटवर्कमध्ये आल्यावरच ही बातमी खात्यापर्यंत पोचते आणि तिथून दुसऱ्या मशीनवर जाते. म्हणून पुसल्यानंतर फोन थोडा वेळ नेटवर ठेवा आणि मग दुसऱ्या मशीनवर जाऊन यादी स्वतः बघा. कॉम्प्युटरवर ॲड्रेस बारमध्ये हे टाइप केलं की थेट यादी उघडते:

```
chrome://settings/addresses
```

यादी रिकामी, तरी नंबर येतोच! का?

इतकं केल्यावर भावाने खुशीत एक जुना फॉर्म उघडला, मोबाईलच्या रकान्यात 9 टाइप केला आणि खाली त्याच मुलीचा नंबर पुन्हा आला. "दादा, हे भूत आहे का काय?"

भूत नाही. ब्राउझर दोन वेगवेगळ्या वह्या ठेवतो, आणि आपण फक्त एक पुसली होती.

पहिली वही प्रोफाइलची. तिच्यात नाव, पत्ता, नंबर एकत्र बांधलेले असतात आणि नोंद करायच्या आधी क्रोम विचारतो. दुसरी वही आहे फॉर्म हिस्टरी. साध्या रकान्यात तुम्ही जे टाइप करून सबमिट करता, ते इथे सुटं सुटं लिहिलं जातं, आणि त्यासाठी क्रोम काहीही विचारत नाही. पूर्ण पत्ता नसलेल्या फॉर्ममधून सहसा प्रोफाइल तयार होत नाही. म्हणजे फक्त नाव आणि मोबाईल असा छोटा फॉर्म भरला असेल, तर पत्त्यांची यादी रिकामी दिसते, पण नंबर या दुसऱ्या वहीत मात्र उतरलेला असतो.

मग एका साइटवर टाकलेला नंबर दुसऱ्या साइटवर का येतो? कारण ही वही साइटच्या नावाने नाही, रकान्याच्या नावाने लावलेली असते. वेबपेज बनवणारा प्रत्येक रकान्याला आतून एक नाव देतो. ते साधारण असं असतं:

```html
<input type="text" name="mobile">
```

वसतिगृहाच्या फॉर्मचा रकाना `mobile` नावाचा असेल आणि उद्या एखाद्या दुकानाच्या साइटनेही रकान्याला `mobile` हेच नाव दिलं असेल, तर क्रोमच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. त्यामुळे तिथेही तोच नंबर सूचनेत येतो. सूचना फक्त फोन हातात असलेल्याला दिसते. ती निवडून फॉर्म पाठवेपर्यंत साइटला काही मिळत नाही. पण फोन रोज दहा हातांत फिरत असेल, तर कुठल्या तरी मुलीचा नंबर त्या दहाही जणांना सहज दिसतो. माझ्या मते चुकीच्या फॉर्मपेक्षाही हे जास्त गंभीर आहे.

उलटंही होतं. काही साइट्स आपल्या रकान्यांवर सूचना बंद ठेवतात, तिथे काहीच दिसत नाही. म्हणून एका फॉर्मवर सूचना आली नाही, म्हणजे वही कोरी आहे, असं समजू नका. क्रोम या वहीतल्या नोंदी सुमारे 14 महिने वापरल्या नाहीत तर स्वतः काढतो, पण तेवढी वाट का बघायची?

कुठल्या वहीतून सूचना आली ते तिच्या रूपावरून कळतं. नाव किंवा नंबरासोबत पत्त्याचाही काही भाग दिसत असेल, तर ती प्रोफाइलमधली. नुसता एक शब्द किंवा नुसता आकडा असेल, तर ती बहुतेक फॉर्म हिस्टरीतली.

पायरी 2 : फॉर्म हिस्टरी पुसणे

एक-दोनच नोंदी काढायच्या असतील तर त्या रकान्यात पहिलं अक्षर टाइप करा, सूचना आली की तिच्यावर बोट दाबून धरा. क्रोम ती काढायची का असं विचारेल, हो म्हणा. कॉम्प्युटरवर बाणाच्या कीने त्या सूचनेवर जा आणि `Shift` + `Delete` दाबा.

भावाच्या फोनमध्ये मात्र किती जणांची नावं असतील याचा अंदाजच नव्हता. अशा वेळी सगळी वही एकदम पुसणं बरं. तीन ठिपक्यांच्या मेनूत `Delete browsing data` आहे. जुन्या आवृत्तीत हेच `Clear browsing data` म्हणून दिसतं. आत `More options` किंवा `Advanced` मध्ये गेलं की टिक करायची यादी येते. त्यातलं फक्त `Autofill form data` टिक ठेवा, बाकी सगळ्या टिक काढा. कुकीजची टिक राहिली तर सगळ्या साइट्सवरून लॉगआउट व्हाल. काही आवृत्त्यांमध्ये पासवर्डही याच यादीत असतात, त्यामुळे डोळे उघडे ठेवून टिक करा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. वर वेळ निवडायची जागा असते. ती बदलली नाही तर फक्त अलीकडच्या नोंदी जातात आणि महिनाभरापूर्वीचं सगळं जागच्या जागी राहतं. लोक म्हणतात "पुसलं तरी येतंय", त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. तिथे `All time` निवडा आणि मग डिलीट करा.

लक्षात घ्या, यात तुमच्या स्वतःच्या साठवलेल्या नोंदीही जातात आणि त्या परत आणता येत नाहीत. भावाला स्वतःचा पत्ता पुन्हा टाकावा लागला, दोन मिनिटांचं काम. झाल्यावर पायरी 1 मधली यादी पुन्हा एकदा उघडून बघा. गूगल खात्यातली एखादी नोंद तिथे दिसली तर ती हाताने काढा. दुसऱ्या मशीनवरची फॉर्म हिस्टरीही वेगळी तपासा. आणि हे सगळं फक्त क्रोमपुरतं झालं. फोनमध्ये दुसरा ब्राउझर वापरत असाल तर त्याच्या वह्या वेगळ्या, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या वेगळ्या पुसायच्या.

कीबोर्डही शिकतो

दोन्ही वह्या पुसल्यावर नावांच्या सूचना बंद झाल्या. पण एका मुलीच्या पाड्याचं नाव अजून कीबोर्डच्या वरच्या पट्टीत येत होतं. आम्ही व्हॉट्सॲप उघडलं, तिथेही आलं. हीच त्याची परीक्षा आहे. ब्राउझरच्या बाहेर, दुसऱ्या ॲपमध्येही तोच शब्द येत असेल तर तो ब्राउझरने नाही, कीबोर्डने लक्षात ठेवलाय. जीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये `Privacy` मध्ये जाऊन `Delete learned words and data` दाबा. खात्री करण्यासाठी तो एक आकडा दाखवतो, तो टाइप केला की शिकलेले शब्द जातात. तुमचे स्वतःचे शब्दही जातात, म्हणून पुढचे काही दिवस टाइप करताना सूचना थोड्या वेड्यावाकड्या येतील.

पुढे काय करायचं?

दुसऱ्यांचे फॉर्म भरून देणं भाऊ बंद करणार नव्हता, आणि करूही नये. म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या.

पहिली, `Addresses and more` मध्ये सगळ्यात वर `Save and fill addresses` हे बटण असतं, ते बंद केलं. यामुळे नवीन माहिती साठत नाही आणि सूचनाही येत नाहीत. पण नुसतं बटण बंद केल्याने जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत. त्या आत राहतात, आणि कुणी बटण चालू केलं की पुन्हा दिसायला लागतात. म्हणून आधी पुसायचं, मग बंद करायचं.

दुसरी, दुसऱ्याचा फॉर्म `New Incognito tab` मध्ये भरायचा. तिथे टाइप केलेलं फॉर्म हिस्टरीत जात नाही. मात्र आधीच साठलेल्या नोंदी तिथेही सूचनेत येऊ शकतात, त्यामुळे इथेही साफसफाई आधीच झालेली हवी. शिवाय टॅब चुकून बंद झाला तर अर्धवट भरलेला फॉर्म गेला, म्हणून नेट चांगलं असेल तेव्हाच बसायचं.

याने एक गोष्ट मात्र सुटत नाही. फॉर्मची पीडीएफ पावती डाउनलोड केली असेल, तर ती इनकॉग्निटो बंद केल्यावरही फोनच्या `Downloads` मध्ये राहते. भावाच्या फोनमध्ये अशा अकरा पावत्या निघाल्या, प्रत्येकीवर नाव, पत्ता आणि नंबर. ज्याची त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली, पोचल्याची खात्री केली आणि मग फोनमधून काढली.

आणि तुमच्या ब्राउझरमधून पुसल्याने त्या साइटकडे गेलेली माहिती बदलत नाही. फॉर्ममध्ये चुकीचा नंबर गेला असेल तर तो त्या कार्यालयातच दुरुस्त करावा लागतो. त्या मुलीला त्यासाठीच धडगावला जावं लागलं होतं.

मी निघालो त्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन मुलं फॉर्म घेऊन आली होती. भावाने इनकॉग्निटो टॅब उघडला, फॉर्म भरून घेतला आणि सबमिट करायच्या आधी स्क्रीन पुन्हा वर नेली. "आता तुझा नंबर मोठ्याने वाच," तो त्या मुलाला म्हणाला, आणि एकेक आकडा स्वतः स्क्रीनवर जुळवत गेला.